शॉवरचा तळ: ट्रे की टाइल, हे खालच्या ९० मिमीवर ठरतं

प्रश्न: बाथरूम नव्यानं करतोय. शॉवरसाठी १२०० × ८०० मिमीचा कोपरा आहे. खाली काँक्रीटचा स्लॅब, आणि तयार फरशीपासून स्लॅबपर्यंत फक्त ९० मिमी जागा. सांडपाण्याचा उभा पाइप शॉवरच्या मध्यापासून १.४ मीटरवर. प्लंबर म्हणतो ॲक्रिलिक ट्रे घ्या, गवंडी म्हणतो टाइलच करा, दुकानदार स्टोन रेझिन दाखवतोय. खालच्या मजल्यावर दुसरं कुटुंब राहतं, त्यामुळे गळती अजिबात नको. काय घेऊ?

उत्तर:

तिघांचाही सल्ला चुकीचा नाही, पण तिघंही वरचा पृष्ठभाग बघून बोलताहेत. तुमच्याकडे निर्णय खालच्या ९० मिमीनं होणार आहे. शॉवरच्या तळाखाली ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी धरून सांडपाण्याचा वास अडवणारा भाग, बसायला हवा, ट्रॅपपासून उभ्या पाइपपर्यंत आडव्या पाइपला उतार मिळायला हवा, आणि माणूस उभा राहिल्यावर तळ हलता कामा नये. रंग, पोत, स्वच्छता हे प्रश्न त्यानंतरचे. त्यामुळे आधी हिशोब मांडू.

आडवा पाइप ४० मिमीचा असेल तर मीटरला २५ मिमी उतार द्यावा. १८ पर्यंत चालतं, पण त्याहून कमी उतारात साबणाचा गाळ आणि केस पाइपच्या तळाशी बसू लागतात. उभ्या पाइपात शिरताना आडव्या पाइपचा तळ स्लॅबपासून २० मिमी वर आहे असं धरतो. तुमच्याकडे हा आकडा वेगळा असेल तर पुढचे सगळे आकडे तेवढ्यानं वरखाली होतील, म्हणून तो प्रत्यक्ष मोजून घ्या. जाळी ट्रेच्या मध्यावर असेल तर १.४ मीटरला ३५ मिमी उतार लागतो. म्हणजे ट्रॅपजवळ पाइपचा तळ स्लॅबपासून ५५ मिमीवर येतो. शॉवरच्या ट्रॅपचं पाणी बाहेर जायचं तोंड बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतं, तरी त्याच्याखाली ट्रॅपचा सुमारे १५ मिमी भाग उरतो. म्हणजे ट्रॅपचा तळ ४० मिमीवर. पूर्ण ५० मिमी पाणी धरून ठेवणाऱ्या ट्रॅपची उंची साधारण ८० मिमी असते. बेरीज केली की ट्रेची खालची बाजू स्लॅबपासून १२० मिमीवर जाते. तुमची फरशी ९० वर आहे, म्हणजे ट्रे फरशीच्या ३० मिमी वर बसणार. त्यात ट्रेची स्वतःची ४० मिमी जाडी मिळवली की शॉवरमध्ये पाऊल टाकताना ७० मिमीची पायरी होते.

आता जाळी मध्यावर न ठेवता उभ्या पाइपच्या बाजूच्या टोकाला असलेला ट्रे घेतला तर काय होतं बघा. अंतर सुमारे ०.९५ मीटर उरतं, उतार २४ मिमीत भागतो आणि पायरी ६० मिमीवर येते. ट्रॅप तोच, पाइप तोच, फक्त भोकाची जागा बदलल्यानं ११ मिमी वाचले. दुकानात ट्रे निवडताना बहुतेक लोक आकार आणि रंग बघतात, पण भोक कुठे आहे हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. डावा-उजवा फिरवता येणारा ट्रे असेल तर आणखी सोपं.

यापेक्षाही पायरी कमी करायची असेल तर ६० मिमी उंचीचे बुटके ट्रॅप मिळतात. ते घेतलं तर पायरी ४० मिमीपर्यंत येईल. पण त्यात पाणी ५० ऐवजी २०-३० मिमीच साठतं. शॉवर आठवडाभर वापरला नाही तर ते लवकर आटतं, आणि वरच्या मजल्यावरून उभ्या पाइपात एकदम पाणी आलं तर ओढलंही जातं. दोन्ही वेळेला बाथरूममध्ये वास येतो. शिवाय बुटक्या ट्रॅपमधून पाणी वाहण्याचा वेगही कमी असतो. शॉवरचं पाणी मिनिटभर बादलीत घेऊन मोजा. १५ लिटर भरत असेल तर ट्रॅपच्या माहितीपत्रकात मिनिटाला किमान २५ लिटर तरी लिहिलेलं असावं, कारण केस अडकल्यावर तो आकडा खाली येतोच. तुमच्या जागी मी पूर्ण ५० मिमीचाच ट्रॅप घेईन आणि ६० मिमीची पायरी मान्य करीन. घरात पाय उचलायला त्रास होणारं कुणी असेल तर मात्र हा निर्णय बदलतो.

टाइलची फरशी इथे का बसत नाही

टाइल करायची इच्छा होते ती बहुतेक वेळा एका कारणासाठी: बाहेरच्या फरशीतून सलग, पायरीशिवाय शॉवरमध्ये जाता यावं. जागा असेल तर यासारखं दुसरं काही नाही, हे मी मनापासून म्हणतो. पण तुमचे आकडे लावून बघा. ड्रेन उभ्या पाइपच्या टोकाला घेतला तरी त्याच्या ट्रॅपचा तळ २९ मिमीवर येतो. त्यावर ८० मिमीचा ड्रेन, त्यावर टाइल आणि चिकटवायचा थर मिळून १५ मिमी. जाळी १२४ मिमीवर गेली, म्हणजे बाहेरच्या फरशीपेक्षा ३४ मिमी वर. ती तर सगळ्यात खोल जागा. तिथून १२०० मिमी दूरच्या टोकापर्यंत ६० ला १ असा उतार दिला की आणखी २० मिमी चढतात. म्हणजे टाइलच्या शॉवरला ३४ ते ५४ मिमीचा ओटा करावा लागणार, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या काठाला उंचवटा. पायरी टाळायला टाइल निवडली आणि पायरी तशीच राहिली.

वजनाचाही एक गैरसमज आहे. स्टोन रेझिन जड असतो असं सगळे सांगतात, आणि ते खरं आहे: १२०० × ८०० चा ट्रे ३५ ते ४५ किलोपर्यंत भरतो. पण त्याच जागेत नुसता ५० मिमीचा सिमेंटचा कोबा घातला तर तोच ९५ किलोच्या आसपास जातो, वर टाइल वेगळी. काँक्रीटच्या स्लॅबला दोन्ही काही जड नाहीत. लाकडी तुळयांच्या फरशीवर मात्र हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

टाइलच्या बाबतीत खरी काळजी गळतीची. टाइल आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत, ते फक्त पाण्याचा वेग कमी करतात. पाणी अडवतो तो टाइलखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. कोबा उतारासह तयार झाल्यावर कोपऱ्यांत आणि भिंतीच्या बुडाशी पट्टी बसवून दोन हात द्यायचे, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनं. हा थर ड्रेनच्या कडेवर नीट चढलेला असावा. बहुतेक गळती तिथूनच होते, कारण प्लॅस्टिकची किंवा स्टीलची गुळगुळीत कड आणि कोबा यांच्या मधल्या रेषेवर पट्टी न लावता नुसता ब्रश फिरवलेला असतो. हा थर वाळल्यावर ड्रेन बुच लावून बंद करायचा, पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि २४ तास ठेवायचं. खालच्या घराच्या छतावर ओल दिसली नाही आणि खूण उतरली नाही तरच टाइल लावायला सुरुवात. गवंडी ही चाचणी करायला तयार नसेल, वेळ जातो म्हणत असेल, तर खाली दुसरं कुटुंब राहत असताना टाइलचा शॉवर करू नका. इतकं स्पष्ट सांगतोय, कारण ट्रे गळला तर तो काढून बघता येतो. टाइलखालचा थर गळला तर सगळं फोडण्याशिवाय मार्ग नसतो.

ॲक्रिलिक की स्टोन रेझिन

ॲक्रिलिक ट्रे म्हणजे गरम करून साच्यावर ओढलेला काही मिमी जाडीचा पत्रा. त्याला मागून फायबरग्लासचा थर असतो आणि तळाला बहुधा लाकडाच्या भुशाची फळी चिकटवलेली असते. त्यामुळे तो हलका असतो, एकट्या माणसाला उचलता येतो, आणि त्यावर बारीक ओरखडे आले तर पॉलिशनं निघतात. त्याचा दोष एकच, पण मोठा: तो लवतो. पायांवर, म्हणजे फिरवून उंची जुळवता येणाऱ्या खुरांवर, बसवलेल्या ट्रेमध्ये ७०-८० किलोचा माणूस उभा राहिला की मधला भाग किंचित खाली जातो आणि कडा भिंतीपासून सुटते. दर वेळी एखादा मिमीच, पण रोज. सिलिकॉनचा सांधा ताणला जातो, आकसतो, आणि वर्ष-दोन वर्षांत एका बाजूनं सुटतो. मग पाणी कडेवरून मागे उतरतं, तळाच्या फळीत मुरतं, फळी फुगते, आणि लवणं आणखी वाढतं.

खुरांवरच्या ट्रेचा एक फायदा खरा आहे. पुढचं पॅनेल काढलं की ट्रॅपपर्यंत हात जातो. स्लॅब फोडता येत नसेल आणि पाइप फरशीच्या वरूनच न्यावा लागत असेल, तर उंच ॲक्रिलिक ट्रे हाच शहाणा मार्ग. पण त्यासाठी पायरी १०० मिमीच्या वर जाते. तुमच्याकडे तशी अडचण नाही.

स्टोन रेझिन म्हणजे दगडाची पूड आणि रेझिन यांचं मिश्रण साच्यात ओतून केलेला ट्रे, वर रंगाचा थर. तो लवत नाही. म्हणून भिंतीशी असलेला सांधा ताणला जात नाही, आणि खाली घर असताना तुम्हाला नेमकं हेच हवं आहे. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, तो ठिसूळ आहे. खालून पोकळी राहिली आणि तिथेच पाय पडत राहिला तर तो लवण्याऐवजी तडकतो, आणि तडकलेला ट्रे बदलावाच लागतो. दोन, शॅम्पूची काचेची बाटली किंवा नळाचा जड भाग पडला तर वरच्या थराचा टवका उडतो. टवका दुरुस्तीच्या पुटीनं भरता येतो, पण रंग बहुतेक वेळा तंतोतंत जुळत नाही. केसांचा रंग आणि गंजलेले डबे यांचे डाग मात्र दोन्ही ट्रेवर पडतात. ॲक्रिलिकवर ॲसिटोन किंवा थिनर कधीही लावू नका, पृष्ठभाग कायमचा मळकट होतो.

भिंती काटकोनात नसतील तर आणखी एक गोष्ट तपासा. दगडासारख्या खडबडीत पृष्ठभागाचे काही स्टोन रेझिन ट्रे जाडीभर एकाच रंगाचे असतात आणि हिऱ्याच्या चक्रीनं कापता येतात. पांढरे, चकचकीत, वर वेगळा थर असलेले ट्रे सहसा कापायचे नसतात. कुठला कापता येतो ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि कापलेली बाजू नेहमी भिंतीकडे जावी. तसं दहा-बारा मिमीचा तिरपेपणा टाइल आणि तिच्या मागच्या थरात लपतो, त्यासाठी कापाकापीची गरज नसते.

ट्रे बसवताना काय बघायचं

तुमच्या जागेत मी टोकाला जाळी असलेला स्टोन रेझिन ट्रे, वरून उघडून साफ करता येणारा पूर्ण उंचीचा ट्रॅप, आणि खाली सलग मालाचा थर असं करीन. इथे ट्रॅप वरूनच साफ होणारा हवा, कारण ट्रे मालावर बसला की खालून हात जाणार नाही.

आधी स्लॅबवरून कोबा सुमारे ९५ मिमीपर्यंत चढवा. ट्रॅपभोवती साधारण ३०० मिमीचा चौकोन मोकळा ठेवा, आणि पाइपची वाटही. कोबा वाळल्यावर ट्रे कोरडा ठेवून बघा, ट्रॅप आणि भोक एका रेषेत आहेत याची खात्री करा, पाइप जोडून घ्या. मग पाच भाग वाळू, एक भाग सिमेंट असा माल करा. तो इतका ओला असावा की मुठीत दाबला की आकार धरेल आणि बोटांना पाणी सुटणार नाही. १५ ते २० मिमीचा सलग थर पसरा, ट्रॅपचा चौकोन सोडून. त्यावर ट्रे ठेवून हळूहळू दाबत बसवा. वजनामुळे दोन माणसं लागतील, आणि ट्रे कोपऱ्यावर आपटू नये.

पाणसळ ट्रेच्या कडांवर लावायची, चारही बाजूंना आणि कर्णातही. कडा अगदी समपातळीत हव्यात. ट्रेच्या आतला उतार साच्यातच दिलेला असतो, म्हणून 'पाणी नीट जावं' म्हणून अख्खा ट्रे जाळीकडे झुकवू नका. तसं केलं तर एका कडेवर पाणी साचतं आणि तेच सांध्यावर बसतं.

सगळ्यात घातक शॉर्टकट म्हणजे सलग थराऐवजी मालाचे पाच-सहा गोळे ठेवणं. काम लवकर होतं, पातळी सहज मिळते, आणि गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. बसवलेल्या ट्रेवर दुसऱ्या दिवशी बोटाच्या सांध्यानं किंवा लाकडी मुठीनं टकटक करत जा. सगळीकडे भरीव आवाज यायला हवा, ट्रॅपच्या जागेवर थोडा वेगळा येईल. मधेच पोकळ वाजलं तर माल ओला असतानाच ट्रे उचलून पुन्हा बसवता आला असता, आता ते फार कठीण आहे. म्हणून पहिली टकटक बसवल्या-बसवल्या, माल घट्ट होण्याआधी करा. त्यानंतर २४ तास कुणीही ट्रेवर पाय देऊ नये.

भिंतीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. ट्रे उघड्या भिंतीला टेकवून बसवायचा, टाइल त्यानंतर. ट्रेची कड आणि भिंत यांच्या कोपऱ्यावर वॉटरप्रूफिंगची पट्टी, तिच्यावर भिंतीचा वॉटरप्रूफ थर, आणि मग टाइल वरून खाली येऊन ट्रेच्या कडेवर ३ ते ५ मिमी अंतर ठेवून थांबते. त्या अंतरात ग्राउट भरू नका. ग्राउट कडक असतो, ट्रे आणि भिंत वेगवेगळी हलली की तो तडकतो. तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. टाइल आधी आणि ट्रे नंतर असं केलं तर सगळा भार सिलिकॉनच्या एका रेषेवर येतो, आणि ती रेष सुटली की मागे अडवायला काहीच नसतं. पट्टी असेल तर सिलिकॉन सुटलं तरी पाणी ट्रेमध्येच परत उतरतं.

ॲक्रिलिकच घ्यायचं ठरवलंत तर एक बदल करा. सिलिकॉन भरताना ट्रेमध्ये ७०-८० किलो वजन ठेवा, वाळूची पोती चालतील, आणि सिलिकॉन सुकेपर्यंत ते हलवू नका. त्यामुळे सांधा सगळ्यात जास्त उघडलेला असताना भरला जातो, आणि पुढे माणूस उभा राहिला तरी तो ताणला जात नाही. शक्य असेल तर ॲक्रिलिक ट्रेसुद्धा खुरांऐवजी सलग मालावर बसवा, लवणं बरंच कमी होतं. मात्र तळाच्या फळीला ओल लागू नये म्हणून मधे जाड प्लॅस्टिकचा कागद टाका, आणि त्या ट्रेच्या माहितीपत्रकात मालावर बसवायला परवानगी आहे का ते बघा.

शेवटची चाचणी दोन टप्प्यांत करा, सिलिकॉन २४ तास सुकल्यावर. आधी कुणीही ट्रेमध्ये उभं न राहता जाळीत एकामागून एक तीन-चार बादल्या ओता आणि खालच्या घराच्या छताकडे कुणाला तरी बघायला सांगा. ओल आली तर दोष ट्रॅपच्या रबरी वायसरमध्ये किंवा पाइपच्या जोडात आहे. ओल आली नाही तर मग एका माणसानं ट्रेमध्ये उभं राहून, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत, हातातल्या शॉवरनं भिंतीचे सांधे एकेक करून पाच-पाच मिनिटं भिजवावेत. आधी लांबीचा सांधा, मग रुंदीचा, मग कोपरा, आणि प्रत्येकानंतर थोडं थांबून खालचं छत बघायचं. ज्या सांध्यानंतर ओल दिसेल तोच गळतोय. ही चाचणी बाथरूमचं उरलेलं काम सुरू असतानाच करून घ्या, काचेचं पार्टिशन बसवण्याआधी. पार्टिशनची खालची पट्टी त्याच कडेवर बसते, आणि ती लागल्यावर तिच्याखालचा सांधा पुन्हा उघडता येत नाही.